मेसच्या दरांचा रिपोर्ट काढतेयस, त्याबद्दल

प्रिय मैत्रीण,

तुझा मेल आणि सोबतचा गुगल फॉर्म दोन्ही बघितले. कल्पना चांगली आहे, पुण्यातल्या मेस आणि खानावळींना तू बिलिंगचं अ‍ॅप देतेस म्हणजे त्या धंद्यात तुझं येणंजाणं आहे, आणि या धंद्याचे आकडे धड कुणाकडेच नाहीत. पण फॉर्म चाळीस प्रश्नांचा आहे आणि तो भरून घेतल्यावर बातमीत नेमकं काय छापून येणार हे तुलाच अजून माहीत नाहीये, तिथून सुरुवात करूया.

मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर बरीच वर्षं काढली आहेत म्हणून सांगते, रिपोर्टर तुझा रिपोर्ट उचलत नाही, त्यातलं एक वाक्य उचलतो. क्रिसिल या रेटिंग कंपनीचं बघ ना, घरच्या थाळीला किती खर्च येतो ते दर महिन्याला काढतात, शाकाहारी एक आकडा, मांसाहारी एक आकडा, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा वाढला की घटला आणि कांदा टोमॅटो ब्रॉयलर यातलं कारण कोणतं. झालं, बातमी तयार. आणि प्रथम संस्थेचा 'असर' हा ग्रामीण शिक्षणाचा अहवाल तर २००५ पासून चालू आहे, त्यात बरंच काही असतं पण सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट, पाचवीतली किती मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकतात. प्रश्न वर्षानुवर्षं तोच, म्हणून आकडा वर गेला की खाली आला हे कुणालाही सांगता येतं.

तेव्हा तू आधी तुझं वाक्य लिही, आकड्याच्या जागी रिकामी जागा ठेव. समजा असं: "पुण्याच्या या सहा भागांतल्या मेसमध्ये दोन वेळच्या जेवणाचा महिन्याचा मधला दर जूनमध्ये अमुक रुपये होता, वर्षभरात तमुक रुपये वाढला, आणि दर न वाढवता ताट कमी केलेल्या मेस शंभरात इतक्या." या वाक्याला जे प्रश्न लागत नाहीत ते फॉर्ममधून काढून टाक. मला वाटतं दहा-बाराच उरतील.

आता त्यातला शेवटचा तुकडा, ताट कमी केल्याचा, खरी बातमी तिथे आहे आणि तोच विचारायला सगळ्यात अवघड. तुझा सहावा प्रश्न आहे "तुम्ही जेवणाचं प्रमाण कमी केलं आहे का?" अगं, कोणता मेसवाला हो म्हणेल? तो म्हणणार छे छे, आमच्याकडे क्वालिटीत तडजोड नाही. त्यापेक्षा साधं विचार: लिमिटेड ताटात आज चपात्या किती? गेल्या जूनमध्ये किती होत्या? भाजी एक की दोन? रविवारी संध्याकाळी मेस चालू असते का, गेल्या वर्षी असायची का? फीस्ट महिन्यातून किती वेळा? आणि खाडा किती दिवसांपासून धरता? हा खाड्याचा प्रश्न तर ठेवच, कारण आधी सलग दोन दिवस न आल्यावर पैसे वळते व्हायचे आणि आता चार दिवस लागत असतील तर दर वाढलाच की, फक्त बोर्डावर दिसला नाही. यातल्या कुठल्याही प्रश्नात कबुली द्यावी लागत नाही, त्यामुळे माणूस सरळ उत्तर देतो आणि कमी केलं की नाही ते तू नंतर शीटमध्ये ठरवतेस. मात्र "कमी" कशाला म्हणायचं ते पाहणीच्या आधी लिहून ठेव, आकडे हातात आल्यावर व्याख्या बनवायला बसलं की ती आपल्याला हवी तशी वळते.

गेल्या जूनचं विचारतेस तेव्हा आठवणीवर विसंबू नको, लोक सहा महिन्यांपूर्वीची वाढ दोन महिन्यांपूर्वीची म्हणून सांगतात आणि उलटंही. मेसमध्ये जुनं मेंबर कार्ड असतं, पावती पुस्तक असतं, भिंतीवरच्या बोर्डाचा कुणाच्या तरी फोनमध्ये फोटो असतो, तो मागायचा. पुरावा मिळाला की नाही याचा शीटमध्ये वेगळा कॉलम कर. वाढीचा आकडा फक्त पुरावा असलेल्या मेसवरून काढलास तरी चालेल, पण मग तो किती मेसवरून काढलाय हे त्याच वाक्यात आलं पाहिजे.

दुसरी गोष्ट, विचारणार कुणाला. तुझा बेत आहे अ‍ॅपच्या ग्राहकांना लिंक पाठवायचा, ते सोपं आहे पण इथेच जाणकार माणूस तुला पकडणार. बिलिंगचं अ‍ॅप घेणारी मेस म्हणजे बऱ्यापैकी मोठी, मेंबर जास्त, मालक तरुण. घरातल्या दोन खोल्यांत पंधरा पोरांना जेवू घालणाऱ्या मावशी त्यात येतच नाहीत, आणि दर कदाचित त्यांच्याकडेच कमी असेल. 'असर'वाले ग्रामीण जिल्ह्यातली ३० गावं निवडतात, प्रत्येक गावातली २० घरं, आणि मुलांना शाळेत नाही तर घरी जाऊन तपासतात, म्हणजे शाळेत न येणारं मूलही सुटत नाही. तुला इतकं मोठं करायचं नाहीये. सदाशिव पेठ, कोथरूड, कर्वेनगर, कात्रज, विमाननगर, हिंजवडी असे सहा भाग घे, दोन पोरं पायी फिरवून दिसेल ती प्रत्येक मेस यादीत टाका, "घरगुती डबा मिळेल" असे कागद चिकटवलेलेसुद्धा, आणि यादीतली दर तिसरी मेस घ्या. जायचं ते दुपारी साडेतीन ते सहामध्ये, दुपारचं आवरलेलं असतं आणि रात्रीची कणीक मळायची असते, तेवढ्या वेळात माणूस पंधरा मिनिटं बसून बोलतो. जेवणाच्या वेळेला गेलात तर शिव्या खाल.

समजा यादी ३६० मेसची झाली, निवडल्या १२०, बोलल्या ९०. हे तिन्ही आकडे रिपोर्टमध्ये छाप, आणि उरलेल्या तीस का बोलल्या नाहीत तेही, बंद होत्या, नकार दिला, मालक गावी गेला होता, जे असेल ते. नुसतं "९० मेसची पाहणी" असं लिहिलं की लोकांना वाटतं ओळखीच्या नव्वद गाठल्या.

मधला दर म्हणाले, सरासरी नाही, याचं कारण पाच मेसवर करून बघ. दर धर २८००, ३०००, ३०००, ३२०० आणि विमाननगरमधल्या एका एसीवाल्याचे ७०००. सरासरी येते ३८००, आणि पाचातल्या चौघांचा दर तर त्याच्या खाली आहे. ओळीने लावून मधला घेतला तर ३०००, जो मेसला जाणाऱ्या पोराला ओळखीचा वाटेल. बातमी वाचून पोरं म्हणाली ना की "एवढे कुठे असतात", की तुझा रिपोर्ट संपला.

नव्वदवर काय बोलता येतं आणि काय नाही हेही बघ. टक्केवारीत साधारण किती चूक असू शकते याचा ढोबळ हिशोब म्हणजे १ भागिले नमुन्याचं वर्गमूळ, नव्वदला तो येतो साडेदहा टक्क्यांच्या आसपास, दोन्ही बाजूंना. म्हणजे या वर्षी ४० टक्के मेसनी ताट कमी केलं आणि पुढच्या वर्षी नव्या नव्वद मेस घेऊन ४७ टक्के आले तर "वाढ झाली" असं लिहायचं नाही, तो फरक नुसत्या नशिबाचाही असू शकतो. म्हणून पुढच्या जूनमध्ये शक्यतो त्याच मेसकडे जा, तीच मेस स्वतःशीच ताडून बघितली की बदल बराच स्वच्छ दिसतो. काही बंद पडलेल्या असतील, त्या किती हाही एक आकडाच आहे आणि माझ्या मते दरापेक्षा मोठी बातमी. नव्या उघडलेल्याही यादीत घाल, नाहीतर तुझी पाहणी फक्त टिकलेल्यांची होऊन बसेल. भागवार टक्केवारी मात्र देऊ नको, कात्रजच्या सातच मेस असतील तर "७ पैकी ४" लिही, ५७ टक्के म्हटलं की उगाच वजनदार वाटतं. आणि एखाद्या भागात दोन-तीनच असतील तर तो भाग वेगळा दाखवूच नको, वाचणाऱ्याला लगेच कळतं कुठली मेस ते. मालकांना जीएसटीची धास्ती असते, नाव छापणार नाही असं सांगितलंस तर फोन नंबरांची यादी उत्तरांच्या शीटपासून वेगळी ठेव.

तारीख. तू दिवाळीच्या आसपास म्हणतेयस, नको, त्या दिवसांत पानं जाहिरातींनी भरलेली असतात आणि पोरं गावी गेलेली असतात. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात माहिती गोळा कर, महिनाअखेरीस काढ, तेव्हा अ‍ॅडमिशनचे दिवस असतात आणि शहर आवृत्तीला "पुण्यात राहायला किती खर्च" ही बातमी करायचीच असते. शिवाय व्यावसायिक सिलिंडरचा, १९ किलोवाल्याचा, दर महिन्याच्या एक तारखेला बदलतो, दरवेळी कुणाला तरी मेसवाल्याची प्रतिक्रिया हवी असते. त्या दिवशी सकाळी तुझा आकडा एका ओळीत पाठवलास तर वर्षभर नाव येत राहील, बातमी तुझ्या रिपोर्टवर नसली तरी.

मेल पाठवशील तेव्हा विषयाच्या ओळीत आकडाच टाक. खाली पाच-सहा ओळी, किती मेस, कधी, कुठे, आणि बोलायला तयार असलेल्या दोन मेसमालकांचे नंबर, त्यांना आधी विचारून. हे नंबर सगळ्यात कामाचे, रिपोर्टरला आकड्याच्या शेजारी माणूस लागतो आणि तो शोधायला त्याच्याकडे संध्याकाळपर्यंतचाच वेळ असतो. तक्ता वेगळ्या फोटोत दे आणि पाहणीचं नाव त्या फोटोच्या आतच छापलेलं असू दे, खाली कॅप्शनमध्ये लिहिलं तर पुढे फॉरवर्ड होताना गळतं. पाहणीचं नाव साधं ठेव, "पुणे मेस दर पाहणी", त्यात अ‍ॅपचं नाव घुसवलंस तर डेस्क जाहिरात म्हणून कापणार आणि सोबत तुझंही नाव जाणार. अ‍ॅपची ओळख शेवटी एका वाक्यात, पाहणी कुणी केली आणि खर्च कुणी उचलला एवढीच.

आणि अभ्यासक, कन्सल्टंट, धंद्यातले बाकीचे यांनी वापरावं असं वाटत असेल तर त्यांना पीडीएफ पुरत नाही. जसाच्या तसा प्रश्नांचा कागद, नावं काढलेली सीएसव्ही फाइल आणि "असा उल्लेख करा" अशी तयार ओळ, हे तिन्ही हवं. फाइल झेनोडो या संशोधनाच्या फाइली ठेवायच्या साइटवर चढव, फुकट आहे, डीओआय म्हणजे फाइलचा कायमचा ओळख क्रमांक मिळतो, प्रत्येक आवृत्तीला वेगळा. नंतर आकड्यात दुरुस्ती निघालीच तर गुपचूप बदलू नको, नवी आवृत्ती चढव आणि काय बदललं ते पहिल्याच पानावर लिही, कारण तोवर जुना आकडा कुणीतरी छापलेला असतो.

पहिल्या वर्षी दोन-तीन ठिकाणी आलं तरी पुष्कळ समज. दुसऱ्या जूनमध्ये हातात दोन सालं असतील, तेव्हा फोन तुला येतील. तोवर प्रश्नांचे शब्द बदलायचा मोह होईल, पहिल्या चार प्रश्नांना हात लावू नको, नवं काही विचारायचंच असेल तर शेवटी जोड.

फॉर्म छाटून पुन्हा पाठव. त्याआधी तीन मेसमध्ये स्वतः जाऊन तो विचारून बघ, आणि खाड्याच्या प्रश्नावर ते काय म्हणतात ते मला कळव, मलाही उत्सुकता आहे.

तुझी,
ताई