‘पाठ’मधला ‘प्’ काढला तर काय उरते?

“आमचा मुलगा तिसरीत आहे. गोष्ट सांगायला बसला की थांबत नाही, पण लिहायला घेतले की ‘पुस्तक’चे ‘पुतक’ आणि ‘घर’चे ‘गर’ होते. डोळे तपासले, चष्मा नाही. त्याला अक्षरे वेगळी दिसतात का, की हा निव्वळ आळस आहे?”

ओंकारच्या (नाव बदलले आहे) आईने पहिल्या भेटीत दोन वह्या आणल्या होत्या, आणि निम्मे उत्तर त्या वह्यांतच होते. फळ्यावरून उतरवून घेतलेल्या वहीत ‘पुस्तक’, ‘शब्द’, ‘चंद्र’ हे सगळे शब्द जोडाक्षरांसकट बिनचूक होते. श्रुतलेखनाच्या वहीत मात्र तेच शब्द ‘पुतक’, ‘शबद’, ‘चदर’ असे उतरले होते. दोष डोळ्यांचा असता, तर पाहून लिहिलेलेही बिघडले असते. ऐकलेला शब्द मनात धरून, त्याचे आवाज सुटे करून, प्रत्येक आवाजाला चिन्ह द्यायची वेळ आली की गाडी अडत होती. आळशी मुलाच्या चुका कशाही विखुरलेल्या असतात. ओंकारच्या चुका ठरावीक जागीच होत होत्या.

अर्थात वहीतली प्रत्येक चूक या खात्यात टाकायची नसते. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मी आधीच बाजूला काढल्या, कारण बोलताना आपण मोठी माणसेही तो फरक नीट पाळत नाही. ‘पानी’ आणि ‘कुनी’ ही त्याच्या घरची बोली होती, तो दोष नव्हे. ‘वाघ’चे ‘वाग’ यालाही मी फारसे महत्त्व दिले नाही, कारण शब्दाच्या शेवटी ‘घ’ बोलतानाही हलका पडतो. पण ‘घर’चे ‘गर’ आणि ‘धबधबा’चे ‘दबदबा’ हे मात्र खटकले. ओंकार हे दोन्ही शब्द बोलताना स्वच्छ उच्चारत होता, शिवाय कानांची तपासणीही व्यवस्थित आली होती.

मग मी कागद-पेन्सिल बाजूला ठेवून फक्त तोंडी खेळ घेतले. ‘बादली’मधला ‘बा’ काढला तर काय उरते, असे विचारल्यावर ‘दली’ हे उत्तर त्याने चटकन दिले. नंतर ‘ताई’मधला फक्त ‘त्’ काढला की ‘आई’ उरते, हे त्याला करून दाखवले आणि विचारले, “‘पाठ’मधला नुसता ‘प्’ काढ.” तो म्हणाला, “ठ.” ‘लेक’मधला ‘ल्’ काढल्यावर ‘एक’ यायला हवे होते, तिथे तो ‘क’ म्हणाला. ‘मूठ’मधला ‘म्’ काढल्यावर ‘ऊठ’ऐवजी पुन्हा ‘ठ’च आले. त्याच्या लेखी ‘पा’ ही एकसंध वस्तू होती. तिच्या आत ‘प्’ आणि ‘आ’ असे दोन आवाज आहेत, हे त्याला जाणवतच नव्हते.

इथे एक सावधगिरी बाळगावी लागते. आपली लिपी अक्षरांची असल्यामुळे ‘पा’ फोडण्याची गरज मुलांना लवकर पडत नाही, आणि ज्यांना कसलीही अडचण नाही अशी पुष्कळ मुलेही ही फोड उशिराच शिकतात. म्हणून या एका खेळावर मी निष्कर्ष काढत नाही. ओंकारला मी निरर्थक शब्द ऐकवून परत म्हणायला लावले. ‘टमीगू’ जमले, पण ‘धुमटीगोबळा’चे ‘धुटीगोबा’ झाले. वाचनातही हेच दिसले. बाजाराच्या गोष्टीत ‘बाजरी’ हा शब्द आला तेव्हा पहिले अक्षर आणि शेजारचे चित्र पाहून त्याने ‘बाजार’ वाचले. तेवढ्याच लांबीचा निरर्थक शब्द समोर ठेवल्यावर मात्र अंदाजाला आधार उरला नाही आणि तो तिथेच थांबला. आवाज सुटे न करता येणे, अनोळखी शब्द मनात न टिकणे आणि निरर्थक शब्द वाचता न येणे ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसली आणि वर्षभर नीट शिकवूनही हटली नाहीत, तरच मी डिस्लेक्सियाच्या, म्हणजे वाचन-लेखनातल्या मूळच्या अडचणीच्या, रीतसर तपासणीसाठी पाठवतो. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘दाली’ ही चाचणी मराठीतही आहे. इंग्रजी चाचणीचे भाषांतर वापरण्यापेक्षा मुलाच्या भाषेत बेतलेली चाचणी केव्हाही बरी.

डोळ्यांचा संशय तसा फार जुना आहे. इंग्लंडमधील डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी १८९६ मध्ये चौदा वर्षांच्या पर्सी नावाच्या हुशार मुलाची हकीकत प्रसिद्ध केली आणि त्याच्या अडचणीला जन्मजात शब्दांधत्व म्हटले. हा मुलगा स्वतःचे नाव ‘प्रेसी’ होईल असे लिहीत असे. आज ती चूक पाहिली की मला त्यात ‘र्’ आणि स्वर यांच्या क्रमाची गडबड दिसते.

मराठीत ही गडबड जोडाक्षरात उघडी पडते, आणि त्याला कारण आहे. ‘पुस्तक’ आपण बोलतो ‘पुस्-तक’ असे, पण लिहितो ‘पु-स्त-क’ असे. बोलताना ‘स्’ मागच्या तुकड्याला चिकटतो, तर लिहिताना पुढच्या अक्षरात बसतो. ‘पर्वत’मध्ये तर आधी ऐकू येणारा ‘र्’ रफार होऊन ‘व’च्या डोक्यावर जातो. ज्याला आवाज सुटे ऐकू येतात तो ही अदलाबदल सहज करतो. ज्याला येत नाहीत, त्याच्या हातून तुकड्याच्या शेवटचा आवाज गळतो (‘पुतक’), नाहीतर तो मध्ये स्वर घालून जोड सोडवतो (‘शबद’).

काम म्हणूनच तिथून सुरू केले. आठवड्यातून चार दिवस, वीस-वीस मिनिटे. आधी शब्द बोलीप्रमाणे तोडायचा, ‘पुस्-तक’. मग प्रत्येक आवाजासाठी एक बटण सरकवायचे, आणि ‘पुस्’साठी तीन बटणे आली की मधल्या स्वराचे बटण लाल. बटणे बसली की लगेच त्यांच्याखाली अक्षरे लिहायची, कारण नुसत्या तोंडी कसरतीचा फायदा लेखनात फारसा उतरत नाही. ‘ग’ आणि ‘घ’साठी तळहात तोंडासमोर धरायला लावला, ‘घ’ला हवेचा झोत लागतो, हे कळल्यावर तो ‘धबधबा’ हाताला म्हणून दाखवू लागला. घरी आईला एकच बंधन घातले होते. ‘पुतक’ दिसले की दहा वेळा लिहायला लावायचे नाही, कारण पाहून उतरवणे त्याला येतच होते. त्याऐवजी विचारायचे, “पुस् म्हण. शेवटी काय ऐकू आले?”

दोन-तीन महिने ‘पाठ’मधून ‘ठ’च उरत राहिले. एका दुपारी ‘काठ’ विचारल्यावर तो बोटाने बटण सरकवत थांबला आणि म्हणाला, “आठ? नंबर आठ?”

आठ महिन्यांनी श्रुतलेखनात ‘पुस्तक’, ‘शब्द’, ‘पर्वत’ स्थिर झाले आणि ‘गर’ जवळजवळ गेले. वाचनातल्या चुका बऱ्याच कमी झाल्या, वेग मात्र वर्गाच्या मागेच राहिला, आणि तो तसाच राहण्याची शक्यता मी आईवडिलांना सुरुवातीलाच सांगितली होती. म्हणून शाळेत त्याला वेळ वाढवून मागितली. इंग्रजीत एकच आवाज चार तऱ्हांनी लिहिला जातो, त्यामुळे तिथे अजून पुष्कळ काम बाकी आहे. ‘स्वतंत्र’ लिहिताना तो आजही ओठ हलवत शब्द तोडतो. अनुस्वार मात्र अजूनही राहून जातो, आणि लिहून झाल्यावर ‘चंद्र’वरचा टिंब तो वेगळा शोधायला जातो.