मिथेनच्या ज्वलनाचं उत्तर बंध-ऊर्जेवरून काढलं की पुस्तकाशी का जुळत नाही?

प्रश्न: आमच्याकडे गोबरगॅस आहे म्हणून मिथेनच जाळून पाहिला, म्हणजे कागदावर. बॉन्ड एनर्जीवरून −690 आलं, पुस्तकात −890 आहे. बेरीज तीनदा तपासली. 200 किलोज्यूल गेले कुठे?

उत्तर:

बेरीज बरोबरच असणार. ते 200 एका जागी नाही, तीन जागी गेले आहेत.

आधी हिशोब मांडू. CH4 + 2O2 → CO2 + 2H2O. तोडायचे बंध म्हणजे चार C–H आणि दोन O=O. C–H ला 414 आणि O=O ला 498 धरले तर 1656 अधिक 996, म्हणजे 2652 किलोज्यूल आपण घालतो. जुळतात दोन C=O आणि चार O–H. O–H ला 463 धरून चारांचे 1852 होतात. राहिला C=O. तुम्ही तक्त्यातून 745 उचलला असणार, कारण तेव्हाच उत्तर बरोब्बर −690 येतं: 2652 वजा 3342.

खरी गोम इथेच आहे. 745 ही किंमत अ‍ॅसिटोनसारख्या कीटोन-आल्डिहाइडमधल्या C=O ची सरासरी आहे. कार्बन डायऑक्साइडमध्ये एकाच कार्बनला दोन्ही बाजूंनी ऑक्सिजन सरळ रेषेत लागलेले असतात आणि π इलेक्ट्रॉन तिन्ही अणूंवर पसरतात. त्यामुळे तिथला बंध बराच मजबूत असतो, साधारण 799. बहुतेक तक्त्यांत ही किंमत वेगळी, कंसात CO2 लिहून दिलेली असते. पोरं नेमकी वरची ओळ वाचतात. 799 घातला की जुळणाऱ्या बंधांचे 1598 अधिक 1852, म्हणजे 3450 होतात आणि उत्तर −798 येतं. तुमचे 108 इथे सापडले.

आता 88. बंध-ऊर्जा म्हणजे वायूतल्या सुट्या रेणूचा बंध तोडायला लागणारी ऊर्जा. त्यामुळे या रीतीने काढलेलं उत्तर पाण्याच्या वाफेसाठीचं असतं. पुस्तकातलं −890 हे पाणी द्रव झाल्यावरचं आहे. वाफेचं पाणी होताना 25 अंशांना दर मोलला 44 किलोज्यूल सुटतात, दोन मोलचे 88. घरी गोबरगॅसच्या शेगडीवर थंड पाण्याचं गंज ठेवा आणि वाकून बुडाकडे पाहा. पहिली काही क्षणं बुडाला घाम फुटतो. ते पाणी गंजातून पाझरलेलं नसतं, ज्योतीतली वाफ थंड धातूवर द्रव झालेली असते. बुड तापलं की घाम उडतो. मग वाफ तशीच निघून जाते आणि हे 88 भांड्याला मिळत नाहीत. म्हणून वाफेसाठीचा आकडा वेगळा आहे, −802.

तर तुलना −890 शी नाही, −802 शी करायची. उरले फक्त 4. ते ‘सरासरी’ या शब्दाचे. मिथेनचा पहिला हायड्रोजन तोडायला सुमारे 439 किलोज्यूल लागतात, आणि तीन निघून गेल्यावर शेवटचा 338 मध्येच सुटतो. चारांची सरासरी 416 येते. तक्त्यातला 414 मात्र वेगवेगळ्या संयुगांची मिळून काढलेली सरासरी आहे. CO2 आणि पाण्याच्या आकड्यांतही असाच एक-दोनचा, कधी थोडा जास्त फरक असतो. काही एकमेकांना खातात, काही उरतात.

इथे 4 चा फरक म्हणजे चांगलंच नशीब समजा. आपण दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी करतो. 3450 मध्ये एक टक्का जरी इकडेतिकडे झाला तरी 34 किलोज्यूल हलतात. उत्तर 800 च्या घरात असेल तर ते चालून जातं. पण उत्तरच 10-20 चं असेल तर उष्णता सुटते की लागते, हेही या रीतीवरून छातीठोक सांगता येत नाही. आणि बेंझिनसारखा रेणू आला की एकेरी-दुहेरी बंध मोजून केलेला हिशोब दीडशेच्या आसपास चुकतो, कारण बेंझिन त्या कागदी आकृतीपेक्षा बराच स्थिर असतो.

पेपरात मात्र प्रश्नासोबत जी किंमत दिली असेल तीच वापरा. C=O ला 745 दिला असेल तर −690 हेच उत्तर लिहा, 799 स्वतःच्या मनाने घालू नका. समीकरणात H2O पुढे (g) लिहायला विसरू नका. आणि चिन्ह: इथे तोडलेले वजा जुळलेले असं असतं. निर्मिती एन्थाल्पीच्या गणितात उत्पादितं वजा अभिकारकं असतं. दोन्ही गणितं एकाच पानावर आली की बरेच जण इथेच घसरतात.