ईएमटी अभ्यासक्रम आणि कौशल्य परीक्षा: एका विद्यार्थ्यास पत्र

प्रिय विद्यार्थिमित्रा,

बारावी विज्ञानानंतर ईएमटीचा, म्हणजे आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाचा, अभ्यासक्रम घ्यावा की पॅरामेडिकची पदवी, हा निर्णय तुला कामाच्या व्याप्तीवरून घ्यावा लागेल. प्राथमिक ईएमटीला श्वासमार्ग मोकळा ठेवणे, रक्तस्राव थांबवणे, सीपीआर आणि रुग्णाला सुरक्षित हलवणे एवढे निर्दोष जमले पाहिजे. ईसीजीचे वाचन, शिरेतून द्यायची औषधे आणि श्वासनलिकेत नळी घालणे हा पुढच्या पातळीचा भाग आहे. महाराष्ट्रात २०१४ मध्ये सुरू झालेल्या १०८ सेवेच्या रुग्णवाहिकेवर डॉक्टर असतात. त्यामुळे इथे नोकरी पाहताना खासगी रुग्णालये आणि कारखान्यांतील रुग्णवाहिकांचाही विचार कर. फी भरण्यापूर्वी संस्थेला दोन गोष्टी अवश्य विचार: सरावाच्या एका पुतळ्यामागे, म्हणजे मॅनिकिनमागे, किती विद्यार्थी असतात, आणि अपघात विभागात व रुग्णवाहिकेवर प्रत्यक्ष किती तास काम करायला मिळते. उत्तर गुळमुळीत आले, तर तिथे प्रवेश घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

लेखी परीक्षेची तुला फारशी अडचण येणार नाही. हुशार मुले अडखळतात ती कौशल्य परीक्षेत, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो. परीक्षकाच्या हातात कृतींची यादी असते आणि त्याला दिसलेल्या किंवा ऐकू आलेल्या कृतीलाच तो गुण देतो. तू मनातल्या मनात नाडी तपासलीस, तर त्याच्या लेखी ती तपासलीच गेलेली नसते. यादीत काही चुका ‘गंभीर’ म्हणून नोंदलेल्या असतात. हृदयाला विजेचा शॉक देताना कोणी रुग्णाला स्पर्श करून आहे का हे न पाहणे, ही त्यांपैकी एक. अशी एक चूक घडली, की बाकीचे गुण चांगले असूनही अनुत्तीर्ण व्हावे लागते.

नेहमी विचारले जाणारे एक उदाहरण घेऊ. दुचाकीवरून पडलेला तरुण रस्त्यावर आहे, घोरल्यासारखा आवाज येतो आहे, डावी मांडी रक्ताने भिजली आहे आणि उजवा पाय विचित्र वाकला आहे. सर्वप्रथम हातमोजे घाल, वाहतूक थांबली आहे का आणि जखमी किती आहेत हे मोठ्याने विचार. त्यानंतर डोळ्यांना खेचून घेणाऱ्या त्या वाकड्या पायाकडे न जाता मांडीवर थेट दाब दे. दाबाने रक्त थांबत नसेल, तर जखमेच्या काही बोटे वर, सांधा टाळून, टूर्निके हा आवळपट्टा बांध, रक्त थांबेपर्यंत आवळ आणि वेळ लिहून ठेव. हे चालू असताना सहकाऱ्याला डोके स्थिर धरायला सांग.

घोरण्याचा आवाज म्हणजे जीभ मागे पडून श्वासमार्ग अर्धवट बंद झाला आहे. मानेला इजा असण्याचा संशय असल्यामुळे इथे डोके मागे न झुकवता जबडा पुढे उचलायचा आणि तोंडातले रक्त सक्शनने काढायचे. आवाज थांबला का, हे वाकून ऐक. पुष्कळ विद्यार्थी उपाय करतात आणि त्याचा परिणाम पाहायचे विसरतात. परीक्षक आता सांगेल: श्वास मिनिटाला २६, छाती दोन्ही बाजूंनी पुरेशी उचलते, ऑक्सिजनची पातळी ८८ टक्के. नॉन-रिब्रीदर मास्कची पिशवी आधी फुगवून घे आणि मिनिटाला १५ लिटर ऑक्सिजन दे. श्वास पुरेसा नसता, तर मास्क निरुपयोगी ठरून हाताने पिशवी दाबायच्या बॅग-व्हॉल्व्ह-मास्कने श्वास द्यावा लागला असता. हा फरक परीक्षक मुद्दाम तपासतो.

मनगटाची नाडी लागत नाही, मानेची मिनिटाला १३०, त्वचा गार आणि ओलसर. रक्तदाबाचा पट्टा अजून बांधलाही नसला, तरी एवढ्यावरून रक्तस्रावाचा शॉक, म्हणजे रक्त गेल्याने अवयवांना रक्तपुरवठा अपुरा पडणे, ओळखता येतो. म्हणून रुग्णाला उबदार ठेव आणि ‘तातडीने हलवणे’ हा निर्णय याच क्षणी मोठ्याने सांग. शुद्धीचे ग्लासगो मापन, पूर्ण रक्तदाब, ॲलर्जी व औषधांची चौकशी, वाकड्या पायाला आधार, हे सर्व वाटेत करता येते. नखावर दाब दिल्यावर तो डोळे उघडतो, नुसता कण्हतो आणि हात मागे ओढतो, तर ग्लासगो मापनाचे गुण डोळ्यांचे २, बोलण्याचे २ आणि हालचालीचे ४, म्हणजे एकूण ८ होतात. एवढ्या खालावलेल्या शुद्धीत श्वासमार्गावरची नजर हटवता येत नाही. अशा अस्थिर रुग्णाची दर ५ मिनिटांनी फेरतपासणी अपेक्षित असते आणि घाईत नेमकी तीच राहून जाते.

अभ्यासही याच क्रमाने कर. शरीररचना वाचताना आधी श्वसन आणि रक्ताभिसरण घे, हाडांची नावे नंतर पाठ कर. सीपीआरचा सराव करताना गती मिनिटाला १०० ते १२० आणि खोली ५ ते ६ सेंटिमीटर ठेव. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येते का, हे बाजूला उभ्या मित्राला पाहायला सांग, कारण थकल्यावर आपण छातीवर रेलतो आणि ते आपल्याला स्वतःला कळत नाही. अपघाताच्या उदाहरणांसाठी निष्कर्षांचे कार्ड त्याच मित्राच्या हाती दे आणि तू योग्य कृती केल्याशिवाय एकही आकडा न सांगण्याची त्याला ताकीद दे.

तुझा,
एक प्रशिक्षक