कागदी कपातून गरम चहा गळतो, होलसेलरला काय विचारू?

प्रश्न: माझी चहाची टपरी आहे. कागदी कप गळतात, होलसेलर म्हणतो जाड कप घ्या. त्याला ईमेल करायचाय, तर कोटिंग आणि जाडीबद्दल नेमकं काय विचारू?

उत्तर: मी आधी कप बनवायच्या मशीनवर होतो, आता कप विकतो, त्यामुळे दोन्ही बाजू माहीत आहेत. जाड कप घ्या हे उत्तर होलसेलरला सोपं पडतं कारण जाड कप महाग असतो. पण गळती बहुतेक वेळा कागदाच्या जाडीमुळे होतच नाही, ती जोडामुळे होते.

चहा अडवतं ते आतलं कोटिंग, कागद नाही. साध्या कपात ते पीईचं म्हणजे पॉलिथिनचं असतं, साधारण १५ ते २० जीएसएम, म्हणजे जेमतेम २० मायक्रॉनचा थर. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन, कागदाची जाडीही याच मापात सांगतात. हे पॉलिथिन वितळायला १०५ डिग्रीच्या वर जावं लागतं आणि चहा काही १०० च्या वर जात नाही, त्यामुळे गरम चहाने कोटिंग वितळून गळतं ही गोष्ट डोक्यातून काढा. गरम चहा करतो काय, तर आधीच कच्चा राहिलेला जोड उघडा पाडतो. चहा गार पाण्यापेक्षा पातळ होऊन बारीक फटीत सहज शिरतो, म्हणून दुकानात गार पाणी भरून दाखवलेला कप टपरीवर गळतो.

आता जोड कुठे असतात ते बघा. एक उभा, जिथे कागद गोल करून एकावर एक चिकटवतात. दुसरा बुडाचा, तिथे बुडाची चकती खाली वळवतात, भिंतीचा कागद तिच्यावरून आत दुमडतात आणि गरम करून दाबतात, त्याला नर्लिंग म्हणतात. बुडाशी सगळीकडे कागदाचे ३ थर येतात, पण उभा जोड जिथे बुडाला भेटतो तिथे ५ थर होतात. त्या ५ थरांच्या शेजारी छोटी पायरी तयार होते आणि वितळलेल्या पीईने ती भरली नाही की तिथून चहा येतो. आता गंमत बघा, कागद जाड केला की ही पायरी अजून मोठी होते. माझ्या एका गिऱ्हाईकाने ९० एमएलचा १७० जीएसएमचा कप सोडून २१० चा घेतला तर गळती वाढली, कारण कारखान्याने कागद बदलला पण मशीनचं टेंपरेचर आणि दाब तोच ठेवला. जाड कागदातून जोडापर्यंत उष्णता पोचायला वेळ लागतो, तिथलं पीई नीट वितळलंच नाही. कप हातात घेतला तर एकदम दणकट, आणि सगळे एकाच जागी ठिबकणारे!

मग जाडीचा उपयोग काय, तर पकडायला. जाडी थोडी वाढली की कप बराच ताठ होतो, पातळ कप भरलेला असताना वरून चिमटीत उचलला की काठ दबतो, भिंत वाकते आणि बुडाचा जोड ताणला जातो. हाताला चटकाही कमी बसतो. ६०-७० एमएलच्या कटिंगसाठी १७० च्या आसपास पुरतं असा माझा अनुभव, मोठ्या कपाला जास्त घ्या.

ईमेल करायच्या आधी कप कुठे गळतो ते बघा, नाहीतर होलसेलर तुम्हाला गोल गोल फिरवेल. एकाच पाकिटातले दहा-बारा कप घ्या, रोजचा उकळता चहा भरा, कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवा आणि १५ मिनिटं हात लावू नका. थेंब उभ्या जोडाच्या बरोबर खाली आला तर वर सांगितलेली पायरी. बुडाखाली गोल कडं उमटलं तर नर्लिंग सैल. उभ्या जोडाला लागून ओली गडद पट्टी हळूहळू रुंद होत गेली तर आतली कापलेली कड चहा शोषतेय, कारण कडेला कोटिंग नसतं. पाच मिनिटांत कटिंग पिणाऱ्याला त्याने फरक पडत नाही, पार्सलवाल्याला पडतो. भिंतीच्या किंवा बुडाच्या मधोमध डाग आला तरच कोटिंगला भोक आहे असं धरा. आणि खाली नुसतं बिनरंगाचं पाणी दिसलं तर ती गळती नाहीच, गरम कपाच्या कागदातला ओलावा निघून गार जागेवर जमतो.

जीएसएम पण स्वतः तपासता येतो. कपाच्या भिंतीतून उभा जोड सोडून ५ बाय ५ सेंटीमीटरचे चार तुकडे कापा (एका कपातून नाही निघाले तर दोन कप घ्या), सोनाराकडच्या वजनकाट्यावर चारही एकत्र ठेवा आणि ग्रॅमला १०० ने गुणा. १.८८ ग्रॅम भरले तर १८८ जीएसएम, म्हणजे १७० चा कागद आणि १८ चं कोटिंग. काही लोक कोटिंग धरून आकडा सांगतात काही न धरता, हे विचारायलाच हवं.

ईमेल साधारण असा लिहा:

"नमस्कार शेठ, तुमच्याकडून घेतलेल्या ९० एमएल कपांपैकी या लॉटचे काही कप गळतात, लॉट नंबर आणि फोटो सोबत जोडलाय. उकळता चहा भरून १५ मिनिटं ठेवले तर थेंब उभ्या जोडाच्या खाली बुडाशी येतो. मला एवढं कळवा. भिंतीचा आणि बुडाचा कागद किती जीएसएमचा, कोटिंग धरून की सोडून? आतलं कोटिंग कशाचं आणि किती जीएसएमचं? कागद किंवा कोटिंग बदलल्यावर कारखान्यात गरम पाण्याने जोड तपासतात का, किती वेळ? पुढची पेटी घ्यायच्या आधी त्याच लॉटचं एक पाकीट सँपल द्याल का, आणि गळणारे कप बदलून मिळतील का?"

बुडाचा जीएसएम वेगळा विचारायचा कारण भिंत जाड दाखवून बूड हलकं घालणं ही जुनी युक्ती आहे. डबल पीई घ्या म्हणाला तर गरम चहासाठी नको, ते बाहेरून घाम येणाऱ्या थंड सरबताचं काम.

कोटिंग कशाचं हा प्रश्न महाराष्ट्रात असाल तर अजून एका कारणाने महत्त्वाचा, जुलै २०२२ मध्ये राज्याने प्लास्टिक कोटिंगच्या कागदी कपांवर बंदी आणली, म्हणून विकणारे आता पाण्यावर आधारित कोटिंग किंवा पीएलएचे, म्हणजे वनस्पतींपासून बनवलेल्या प्लास्टिकच्या कोटिंगचे कप दाखवतात. पीएलए सांगितलं तर कंपोस्टेबल असल्याचं सीपीसीबीचं म्हणजे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र मागा. ही कोटिंगं पीईपेक्षा वेगळ्या टेंपरेचरला चिकटतात, पीईच्या सेटिंगवरच मशीन चालवलं तर जोड कच्चा राहतो, त्यामुळे असा माल घेताना वरची १५ मिनिटांची टेस्ट प्रत्येक नव्या लॉटला करा, फक्त पहिल्यालाच नाही. त्याच्या उत्तरात फक्त "बेस्ट क्वालिटी, एकदम जाड" एवढंच आलं आणि आकडे नाही आले तर पेटी घेऊ नका, सँपल पाकिटावरच थांबा.