घराच्या कार्बन फूटप्रिंटचा हिशेब

घराच्या कार्बन फूटप्रिंटमध्ये नक्की काय धरतात आणि कोणती सवय बदलली तर जास्त फरक पडतो?

घरात व गाडीत जळणारे इंधन, वापरलेली वीज, तसेच अन्न, खरेदी आणि प्रवास यांमागचे उत्सर्जन त्यात धरतात. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हे वजन पेट्रोलपेक्षा जास्त भरते, कारण त्यातला ऑक्सिजन हवेतून येतो. म्हणजे लिटरला १५ किलोमीटर जाणारी गाडी वर्षाला ६,००० किलोमीटर चालवली, तर ४०० लिटरमागे जवळपास ९२० किलोचा भार पडतो, आणि मोबाइल रोज चार्ज करण्याचा वर्षाचा हिशेब, वीज कोळशाची असली तरी, १० किलोंवरही जात नाही. तेव्हा चार्जरची चिंता सोडून गाडीच्या फेऱ्या, विमानप्रवास आणि खोल्या गरम-थंड ठेवण्याचे तास आधी मोजावेत.