उणे पंचवीस कुठे हरवले?

*मॅडम, माझी मुलगी इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेची तयारी करते. संध्याकाळी मी शेजारी बसलो की तिची सगळी गणितं बरोबर येतात, मी फक्त मधूनमधून ‘चिन्ह बघ’ एवढंच म्हणतो. सराव परीक्षेत मात्र त्याच प्रकारची गणितं चुकतात. निघताना मी तिला दर वेळी बजावतो की एक चूक म्हणजे चार मार्क गेले आणि वर एक वजा. तरी निष्काळजीपणा जात नाही. गेल्या वेळी एकाच प्रश्नावर तिने बारा मिनिटं घालवली. तिचं रफ कामाचं पान सोबत जोडलं आहे. तिला स्मरणशक्ती वाढवण्याच्या कोर्सला घालू का, की हा तिचा प्रांतच नाही असं समजून लाईन बदलू? – एक वडील*

तुमचं पत्र मी एकदा वाचलं आणि रफ कामाचं पान तीनदा. ते पान पाठवलंत हे फार बरं केलंत, कारण पत्रातला ‘निष्काळजीपणा’ हा शब्द त्या पानावर मला कुठेच दिसला नाही.

प्रश्न असा होता: २५ मीटर उंच मनोऱ्यावरून चेंडू सेकंदाला २० मीटर वेगाने सरळ वर फेकला, तर जमिनीवर पडायला किती वेळ लागेल? मुलीने सूत्र बरोबर लिहिलंय. g ला उणे चिन्ह दिलंय, म्हणजे वरची दिशा धन धरायची हेही तिनेच ठरवलं होतं. मग जमीन फेकण्याच्या जागेपेक्षा २५ मीटर खाली, म्हणून विस्थापन उणे २५ हवं. तिने लिहिलं:

25 = 20t - 5t²

इथून t² - 4t + 5 = 0 मिळतं आणि b² - 4ac = 16 - 20 = -4 येतं. वर्गमूळ काढता येत नाही, गाडी अडली. उणे २५ घेतले असते तर t² - 4t - 5 = 0, म्हणजे (t - 5)(t + 1) = 0 आणि उत्तर ५ सेकंद. पुढची बीजगणिताची प्रत्येक पायरी तिची अचूक आहे. हरवलंय ते एक चिन्ह. आणि मग त्याच पानावर तेच चुकीचं समीकरण तिने आणखी दोनदा जसंच्या तसं लिहिलंय. तुमची बारा मिनिटं तिथे गेली.

ज्याला विषय येत नाही त्याचं सूत्र चुकतं किंवा पान कोरं राहतं. इथे तसं काही नाही. सूत्र पक्कं पाठ आहे, ते दीर्घकालीन स्मृतीत बसलंय आणि तिथून ते सहज निघालं. ‘वर धन, म्हणून खाली उणे’ हा निर्णय मात्र ह्याच गणितापुरता, अर्ध्या मिनिटापूर्वी घेतलेला. तो वर्किंग मेमरीत, म्हणजे विचार करताना गोष्टी हातात धरून ठेवायच्या जागेत होता. ती जागा सगळ्यांचीच लहान असते. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये सातच्या आसपासचा आकडा सांगितला होता. पुढे नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये मांडलं की घोकणं आणि गट पाडणं वगळलं तर साधारण चारच गोष्टी मावतात. आता मोजा: सूत्रात काय कुठे घालायचं, वर धन, g उणे, जमीन खाली. आकडा इतका काटेकोर धरू नका, पण जागा जवळजवळ भरलीच.

त्यात तुमचं ‘चार मार्क आणि वर एक वजा’ येऊन बसतं. काळजी ही बहुतेक वेळा शब्दांत येते, मनातल्या मनात बोलल्यासारखी. ‘वर धन, खाली उणे’ हेही माणूस त्याच मनातल्या आवाजात घोकून धरून ठेवतो, आणि घोकणं थांबलं की काही सेकंदांत ते निसटतं. आवाज एकच. तो तुमचं वाक्य म्हणत असेल तर चिन्ह कोण म्हणणार? शिवाय चूक तपासायलाही तीच जागा लागते. शांत डोक्याने कोणीही म्हटलं असतं, ‘चेंडू खाली पडणारच, उत्तर नाही असं कसं होईल? मांडणीत चिन्ह गेलं असणार.’ तिला ते सुचलं नाही, म्हणून तेच समीकरण तीनदा.

आता तुमचा मुख्य गैरसमज, जरा स्पष्टच लिहिते. ‘मी शेजारी बसलो की सगळं येतं’ याचा अर्थ तुम्ही उलटा लावलाय. ‘चिन्ह बघ’ म्हणता तेव्हा तिच्या डोक्यातली एक गोष्ट तुम्ही तुमच्या डोक्यात धरून ठेवता. म्हणजे घरी ते गणित दोघे मिळून सोडवता. परीक्षेत ती एकटी असते, आणि तुमचा आवाज असतोच, फक्त आता तो आठवण करून देत नाही, धमकी देतो. तिला ही सवयच लागलेली नाही की चिन्ह डोक्यात न ठेवता कागदावर ठेवावं, कारण गरजच पडली नाही.

आणि ‘तिचा हा प्रांत नाही’ म्हणण्याआधी हे वाचा. सायन बायलॉक आणि थॉमस कार यांनी २००५ मध्ये दाखवलं की दडपणाखाली घसरले ते वर्किंग मेमरी जास्त असलेले लोक, तेही अवघड गणितांत. कमी असलेल्यांवर दडपणाचा फारसा फरक पडला नाही. एरवी ज्या जागेच्या जोरावर पहिले पुढे असतात, तीच काळजीने व्यापली जाते. लाईन बदलायला हे पान पुरावा म्हणून चालत नाही. प्रवेश परीक्षा पुन्हा देता येते, मूलभूत विज्ञानाची पदवीही आहे. ते निकालानंतर बोलू.

स्मरणशक्तीचा कोर्स नको. त्या खेळांनी माणूस त्या खेळांत तरबेज होतो, ते कसब गणितात उतरतं याला भक्कम आधार नाही. जागा वाढवण्यापेक्षा ओझं कागदावर उतरवा. असं गणित आलं की आकडा लिहिण्याआधी एक उभी रेघ, वर बाण आणि ‘+’, तळाशी ‘-25’. दहा सेकंदांचं काम. सोपं गणित असलं तरी करायचं, कारण सोप्यात सवय लागली तरच घाबरल्यावर हात आपोआप रेघ ओढतो. परीक्षेआधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर लिहून काढल्याने मार्क सुधारल्याचा प्रयोग २०११ मध्ये गाजला होता. पुढे तो पुन्हा करून पाहिला तेव्हा तसा परिणाम मिळाला नाही. तिला बरं वाटत असेल तर लिहू दे, भिस्त त्यावर ठेवू नका.

माझं निदान चुकीचंही असू शकतं, म्हणून एक करा. आठवड्याने एखाद्या निवांत दुपारी, न पाहिलेली पण तशाच प्रकारची दहा गणितं तिला द्या. पुस्तक बंद, घड्याळ नाही, तुम्ही दुसऱ्या खोलीत. तिथेही तेवढीच चुकली तर सराव कमी आहे, आणि मी वर लिहिलेलं बरंचसं बाजूला ठेवा. तिथे जमली आणि परीक्षेत पुन्हा गेली, तर रफ पान मला पाठवा. झोप उडणं, पेपरच्या दिवशी उलट्या, परीक्षा टाळायला लागणं असलं काही असेल तर मात्र माझी वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

परीक्षेच्या दिवशी निघताना काही बोलायचंच असेल तर ‘पेन घेतलंस ना?’ विचारा.