एक म्हणतात दूध बंद, दुसरे म्हणतात पनीर खा

"ताई, ह्यांचं क्रिएटिनिन वाढलंय. डॉक्टर म्हणाले दूध कमी करा, आमच्या शेजारचे डायलिसिसवाले काका म्हणतात मला तर पनीर खायला सांगितलंय, नेटवर तिसरंच. आम्ही ऐकायचं कुणाचं?"

किडनीच्या पेशंटचा आहार ठरवून देताना हे मी आठवड्यातून चारदा तरी ऐकते, म्हणून एकदा लिहूनच टाकते. नावगाव बदललंय आणि तीन महिन्यांच्या भेटी इथे थोडक्यात आहेत.

हे विचारणाऱ्या मावशींचे यजमान, म्हणजे आमचे काका, ६२ वर्षांचे, वजन ६० किलो, क्रिएटिनिन २.५ म्हणजे किडनी साधारण २८ टक्के चालतेय, पोटॅशियम वाढून ५.६, फॉस्फरस ४.३. मावशींनी घाबरून घरातलं सगळं दूध-दही बंद केलं होतं, काका कोरा चहा पिऊन वैतागलेले, आणि दीड महिन्याने परत रिपोर्ट केला तर पोटॅशियम ५.५! मावशी रडकुंडीला आल्या, "एवढं सगळं सोडलं तरी उतरत नाही हो."

मी विचारलं, आधी दूध किती होतं? तीन चहांत मिळून दीडशे मिली, रात्री ग्लासभर म्हणजे दोनशे, जेवताना वाटीभर दही, साधारण साडेचारशे मिली. शंभर मिली दुधात ढोबळमानाने दीडशे मिलिग्रॅम पोटॅशियम आणि शंभर मिलिग्रॅम फॉस्फरस धरा, दह्याचंही तेवढंच (म्हशीच्या दुधात फॉस्फरस थोडा जास्त). म्हणजे दिवसाला साडेसहाशेच्या आसपास पोटॅशियम बंद झालं होतं. मग आकडा हलला का नाही?

मी म्हटलं, मावशी, उद्या स्वयंपाकघरातल्या बरण्यांचे फोटो पाठवा. आले, आणि तिथेच उत्तर होतं. कुणीतरी सांगितलं म्हणून बीपीसाठी 'लो सोडियम' मीठ आणलेलं, आणि दूध बंद केल्यावर "थंडावा" म्हणून काका रोज एक शहाळं पीत होते. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं, १५ टक्के असलं तरी चमचाभर मिठात चारशेच्या घरात पोटॅशियम जातं, म्हणजे मोठा ग्लासभर दूध प्यायल्यासारखंच, आणि शहाळ्यात त्याहून जास्त. दूध दारातून बाहेर काढलं आणि तेच खिडकीतून आत घेतलं! मावशी फोनवर गप्पच झाल्या, मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे दुधाची चूक नव्हती?" खरं सांगू, या एका प्रश्नासाठी मी हे काम करते.

मीठ साधं आणलं (तेही मोजून), शहाळं बंद, डॉक्टरांना विचारून चहाचं दूध आणि अर्धी वाटी दही परत, मिळून दोनशे मिली. गोळ्या बदलल्या नव्हत्या, पुढचा रिपोर्ट ४.८.

आता शेजारच्या काकांचं पनीर. त्यांचा सल्लाही बरोबरच होता, फक्त त्यांच्यासाठी. डायलिसिसमध्ये प्रोटीन वाहून जातं म्हणून त्यांना किलोमागे १ ते १.२ ग्रॅम लागतं, आमच्या काकांना, डायलिसिस नसताना, ०.६ ते ०.८ च्या आसपास. शिवाय दूध फाटलं की पोटॅशियम बरंचसं पाण्यात निघून जातं, ते पाणी आपण फेकतो. फॉस्फरस मात्र बराचसा पनीरमध्येच राहतो, म्हणून त्यांना जेवणाबरोबर फॉस्फरस बांधणारी गोळी आहे, ती जेवणासोबत घेतली तरच उपयोग, तासाभराने घेऊन नाही. आमच्या काकांना ना ती गोळी, ना तेवढ्या प्रोटीनची गरज. मी दोघांचे कागद शेजारी ठेवून दाखवले तेव्हा मावशींना पटलं की सल्ले भांडत नाहीयेत, माणसं वेगळी आहेत. मी कुणालाही यादी हातात देत नाही ती यामुळेच. आधी ताजा रिपोर्ट, मग ताट.

बाय द वे, सगळा फॉस्फरस सारखा नसतो. दुधातला निम्म्याच्या आसपास अंगात शिरतो पण चीज स्लाइसमध्ये जे फॉस्फेट वरून घालतात ते जवळजवळ सगळंच. पाकिटावर ३३९, ४५२ असे नंबर दिसले तर ते हेच. मावशींची नात रोज स्लाइस आणायची आणि आजोबांना अर्धी द्यायची, आता साधं घरचं लोणी देते, त्यात फॉस्फरस नावालाच.

एक मात्र लक्षात ठेवा, पोटॅशियम ६ च्या वर गेलं किंवा हातपाय गळून गेले, छातीत धडधड झाली तर माझ्याकडे येऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, तिथे दही मोजून काही होत नाही.

परवा मावशींचा मेसेज आला, पनीरची भाजी करायची आहे पाहुण्यांसाठी, ह्यांना किती वाढू? मी लिहिलं, तीन-चार छोटे तुकडे, त्या दिवशीचं दही कट, आणि फॉस्फरसचा रिपोर्ट कधी केलात ते आधी सांगा.